हाय फ्लो लावल्यानंतरचे पहिले सहा तास

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतल्या कुठल्याही आयसीयूत रात्री फेरी मारली, तर न्यूमोनियाचे दोन-तीन रुग्ण नाकात हाय फ्लो यंत्राच्या जाड नळ्या लावून बसलेले दिसतात. मॉनिटरवर सॅच्युरेशन ९३ असतं, नातेवाईक काचेतून तो आकडा बघून थोडे सैलावतात, आणि ड्यूटीवरचा रेसिडेंट पुढच्या बेडकडे वळतो. चूक इथेच होते. ९३ हा आकडा टिकवायला दर तासाला किती जास्त ऑक्सिजन लागतोय आणि रुग्ण किती दमतोय, हे कुणी मोजलेलं नसतं. पहाटे चारला घाईघाईत श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ येते, आणि तेव्हा रुग्णाकडे काहीच शिल्लक राहिलेलं नसतं.

हा लेख आयसीयू आणि हाय डिपेंडन्सी वॉर्डमधल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी आहे. विषय एकच: न्यूमोनियामुळे ऑक्सिजन कमी पडणारा प्रौढ रुग्ण. घरी वापरायची ही गोष्ट नव्हे.

## हे यंत्र नेमकं काय करतं

साध्या मास्कमधून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन येतो. धाप लागलेला माणूस मात्र एकेक श्वास इतक्या जोरात ओढतो की त्या क्षणी हवेचा वेग मिनिटाला ६० लिटर किंवा त्याहून जास्त असतो. उरलेली हवा तो मास्कच्या कडेने खोलीतून ओढतो आणि ऑक्सिजन पातळ होतो. हाय फ्लो मिनिटाला ६० लिटरपर्यंत हवा देतो, त्यामुळे रुग्णाची ओढ बरीचशी भागते आणि तुम्ही लावलेलं ऑक्सिजनचं प्रमाण खरोखर फुप्फुसापर्यंत पोचतं.

दुसरं काम, जे लोक विसरतात: हा झोत नाक आणि घशातली वापरलेली, कार्बन डायऑक्साइडने भरलेली हवा धुऊन काढतो. पुढचा श्वास ताज्या हवेने सुरू होतो, म्हणून तेवढ्याच कामासाठी कमी श्वास पुरतात. तिसरं, तोंड मिटलेलं असेल तर घशात थोडासा दाब राहतो. पण तो व्हेंटिलेटरच्या दाबाच्या जवळपासही जात नाही आणि तोंड उघडलं की बराचसा निसटतो. हवा ३७ अंशांवर आणि पूर्ण ओली येते, त्यामुळे कफ सुकत नाही आणि माणूस तासन्‌तास सहन करू शकतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. हाय फ्लो श्वास *घेत* नाही. श्वास रुग्णच घेतो, यंत्र त्याचं ओझं थोडं कमी करतं. त्याचे स्नायू थकले तर यंत्राकडे त्यावर उपाय नाही.

## टप्पा १: लावायचं की नाही, हे आधी ठरवा

चांगला उमेदवार म्हणजे जागा, बोलणारा, रक्तदाब टिकून असलेला रुग्ण, ज्याला साध्या मास्कवर ऑक्सिजन पुरत नाही किंवा पुरतो पण श्वास मिनिटाला २५-३० च्या वर जातोय.

दोन प्रकारच्या रुग्णांना आधी बायपॅप किंवा सीपॅप द्या. एक, जुना सीओपीडी वाढून कार्बन डायऑक्साइड चढलेला आणि रक्त आम्लधर्मी झालेला रुग्ण. दुसरा, हृदय कमजोर पडून फुप्फुसात पाणी झालेला. दोघांनाही दाबाची गरज आहे आणि तो हाय फ्लो पुरेसा देत नाही.

ज्याला हाक मारल्यावर नीट उत्तर देता येत नाही, जो उलट्या करतोय, ज्याला रक्तदाबासाठी औषधाचं ड्रिप वाढवावं लागतंय, त्याच्यासाठी थेट ट्यूबचा विचार करा. हाय फ्लो "बघूया तरी" म्हणून लावला की तासभर निघून जातो.

तपासा: एबीजी झाला का? कार्बन डायऑक्साइड किती आहे हे माहीत नसताना हाय फ्लो सुरू करावा लागला, तरी पहिल्या अर्ध्या तासात नमुना गेलाच पाहिजे. सावळ्या त्वचेवर बोटाचं यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त सॅच्युरेशन दाखवू शकतं. आपल्या बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हे ध्यानात असू द्या.

## टप्पा २: तयारी, आणि सगळ्यात जास्त फसणारी जागा

सर्वांत आधी भिंतीवरचा फ्लोमीटर बघा. अनेक ठिकाणी हाय फ्लोचं यंत्र खोलीतली हवा स्वतः ओढतं आणि ऑक्सिजन बाजूच्या नळीतून घेतं. ती नळी नेहमीच्या १५ लिटरच्या फ्लोमीटरला जोडली तर काय होतं, ते एकदा हाताने मोजून बघा.

यंत्र ५० लिटरवर आहे. १५ लिटर शुद्ध ऑक्सिजन, उरलेले ३५ लिटर खोलीतली हवा, जिच्यात २१ टक्के ऑक्सिजन. म्हणजे १५ अधिक साधारण ७.३, एकूण २२.३ लिटर ऑक्सिजन ५० लिटरमध्ये. प्रमाण ४५ टक्के. आता रुग्ण दमलाय म्हणून कुणी झोत ६० केला, तर तेच १५ लिटर जास्त हवेत विरघळतात आणि प्रमाण ४१ टक्क्यांवर येतं. मदत वाढवायला गेलात आणि ऑक्सिजन कमी केलात. अशा यंत्राला ७० लिटरपर्यंतचा फ्लोमीटर हवा, आणि झोत बदलला की पडद्यावरचं ऑक्सिजनचं प्रमाण पुन्हा वाचायला हवं.

दुसरी गोष्ट, साठा. किती शुद्ध ऑक्सिजन लागेल ते असं काढा:

ऑक्सिजन लिटर = एकूण झोत × (हवं ते प्रमाण − ०.२१) ÷ ०.७९

५० लिटर झोत आणि ८० टक्के प्रमाण असेल तर ५० × ०.५९ ÷ ०.७९, म्हणजे मिनिटाला सुमारे ३७ लिटर. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतात, म्हणजे तीन तासांच्या थोडा वर. ६० लिटर आणि १०० टक्के केलंत तर दोन तासही पुरत नाहीत. पाइपलाइन नसलेल्या नर्सिंग होममध्ये रात्री अकराला हाय फ्लो सुरू करण्याआधी हा हिशेब करा, आणि ट्रॉलीवरचे भरलेले सिलिंडर डोळ्यांनी बघून मोजा.

बाकीची तयारी लवकर होते. पिशवीत निर्जंतुक पाणी, सलाइन किंवा नळाचं पाणी कधीच नाही. नाकपुडीच्या साधारण निम्म्या रुंदीची कॅन्युला. घट्ट बसणारी घेतली तर हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. यंत्र रुग्णाच्या डोक्यापेक्षा खाली ठेवा, म्हणजे नळीत साचलेलं पाणी चेंबरकडे परत जाईल, नाकाकडे येणार नाही. पावसाळ्यात एसी जोरात असतो आणि त्याचा थंड झोत नळीवर पडला की पाणी साचतं. बेड हलवता येत नसेल तर एसीची पट्टी तरी वळवा. नळीचं वजन नाकावर येऊ नये म्हणून ती गाऊनला क्लिपने अडकवा.

सावध: यंत्र तापायच्या आधी लावू नका. कोरडी, थंड हवा ६० लिटरने नाकात गेली तर रुग्ण घाबरतो, कॅन्युला ओढतो, आणि मग "पेशंट सहन करत नाही" अशी नोंद होते.

तयारीतली शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदावर होते. केस पेपरवर आत्ताच लिहा: हाय फ्लो अपुरा पडला तर पुढे काय, ट्यूब कोण टाकणार, व्हेंटिलेटरचा बेड कुठला, आणि पुढचा निर्णय किती वाजता. नातेवाइकांशीही आत्ताच बोला. पहाटे चारला झोपेतून उठवलेल्या मुलाकडून सही घेण्यापेक्षा संध्याकाळी सातला शांतपणे सांगितलेलं बरं.

## टप्पा ३: सुरुवात, झोत आधी

१. रुग्णाला उठवून टेकून बसवा. काय होणार ते सांगा: "काका, गरम वाऱ्यासारखं वाटेल. पहिली पाच मिनिटं विचित्र वाटेल, मग सवय होईल. तोंड मिटून नाकाने श्वास घ्या."

२. झोत ३० ते ४० लिटरवर सुरू करा आणि पुढच्या पाच-दहा मिनिटांत सोसेल तसा ५० ते ६० पर्यंत न्या. तापमान ३७, फारच गरम वाटलं तर ३४.

३. ऑक्सिजनचं प्रमाण सुरुवातीला भरपूर ठेवा, अगदी १०० टक्केसुद्धा, आणि मग सॅच्युरेशन ९२ ते ९६ मध्ये राहील एवढ्यापर्यंत खाली आणा. ज्यांना कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका आहे त्यांच्यासाठी ८८ ते ९२.

सर्वांत जास्त दिसणारी चूक: झोत २५ लिटर आणि ऑक्सिजन ९० टक्के. याला नावापुरता हाय फ्लो म्हणायचं. २५ लिटरवर रुग्ण पुन्हा खोलीतली हवा ओढतो आणि पडद्यावरचे ९० टक्के त्याच्या छातीत पोचत नाहीत. नवा रुग्ण दमलेला असेल तर आधी झोत वाढवा, मग ऑक्सिजन.

तपासा, अर्ध्या तासाने: श्वासांची गती कमी झाली का? मानेचे स्नायू ताणलेले दिसतात का? श्वास घेताना पोट आत आणि छाती बाहेर, अशी उलटी चाल आहे का? पूर्ण वाक्य बोलता येतं का? गती पूर्ण एक मिनिट घड्याळ बघून मोजा. मॉनिटरवरची गती हात हलला तरी बदलते, आणि पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

## टप्पा ४: दोन, सहा आणि बारा तास

आता येतो रॉक्स, म्हणजे हाय फ्लो पुरतोय की नाही हे सांगणारा आकडा. हिशेब सोपा आहे:

रॉक्स = (सॅच्युरेशन ÷ ऑक्सिजनचं प्रमाण) ÷ श्वासांची गती

ऑक्सिजनचं प्रमाण दशांशात घ्या. ७० टक्के म्हणजे ०.७. न्यूमोनियाच्या रुग्णांमध्ये २, ६ किंवा १२ तासांनी रॉक्स ४.८८ किंवा जास्त असेल तर ट्यूब लागण्याची शक्यता कमी. २ तासांनी २.८५ च्या खाली, ६ तासांनी ३.४७ च्या खाली, १२ तासांनी ३.८५ च्या खाली असेल तर हाय फ्लो हरतोय असं समजा. मधल्या पट्ट्यात असाल तर झोत ६० पर्यंत न्या आणि तासा-दोन तासाने पुन्हा मोजा.

एका रुग्णाचा हिशेब इथे मांडतो; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. भांडुपचे ५४ वर्षांचे काका, चार दिवस ताप, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. मास्कवर १५ लिटरला सॅच्युरेशन ८९, श्वास ३६. रात्री आठला हाय फ्लो लावला, ५० लिटर.

पाऊण तासाने: सॅच्युरेशन ९४, ऑक्सिजन ७० टक्के, श्वास ३०. रॉक्स ४.५. काका म्हणाले, "आता बरं वाटतंय." सगळ्यांना हायसं वाटलं.

रात्री दहाला: सॅच्युरेशन ९३, ऑक्सिजन ८० टक्के, श्वास ३२. रॉक्स ३.६. मधला पट्टा. झोत ६० केला, काकांना पालथं झोपवायचा प्रयत्न केला. ते अर्धा तास टिकले.

रात्री दोनला: सॅच्युरेशन ९२, ऑक्सिजन ९० टक्के, श्वास ३५. रॉक्स २.९.

सहा तासांत सॅच्युरेशन ९४, ९३, ९२. फक्त मॉनिटर बघणाऱ्याला वाटेल की रुग्ण स्थिर आहे. रॉक्स मात्र ४.५, ३.६, २.९ असा घसरत गेला. ड्यूटीवरची रेसिडेंट तशी हुशार, तीही म्हणाली, "सर, सॅच्युरेशन ब्याण्णव आहे. सकाळपर्यंत थांबूया का?" मी तिला तिचेच तीन आकडे एकाखाली एक लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर तिने स्वतःच भूलतज्ज्ञांना फोन केला. पावणेतीनला दिवे लावून, सगळी तयारी करून, शांतपणे ट्यूब टाकली.

सावध, इथे रॉक्स फसवतो: थकलेल्या माणसाचे श्वास कमी होतात. समजा हेच काका पहाटे पाचपर्यंत तसेच राहिले असते आणि झोपाळू होऊन श्वास ३५ वरून २४ वर आले असते. ९२ ला ०.९ ने भागून २४ ने भागा: ४.३. आकडा सुधारला, माणूस बुडतोय. एका वॉर्डात मी शिकाऊ असताना असाच शांत झालेला रुग्ण "झोप लागली" म्हणून सोडून दिलेला पाहिला आहे. त्याचा कार्बन डायऑक्साइड मोजला तेव्हा उशीर झाला होता. श्वास कमी झाले की आधी हाक मारा. डोळे उघडून पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, मानेचे स्नायू सैल आहेत, तरच ती सुधारणा. नाहीतर लगेच एबीजी.

## टप्पा ५: पुढे कधी जायचं

यातलं काहीही दिसलं तर पुढच्या ठरलेल्या वेळेची वाट बघू नका, वरिष्ठांना बोलवा:

- झोपाळूपणा, बडबड, कॅन्युला ओढणं
- श्वास ४० च्या वर, किंवा तासाभरात काहीच कमी न होणं
- छाती-पोटाची उलटी चाल, मानेचे स्नायू ताणलेलेच
- पूर्ण ऑक्सिजनवरही पाच मिनिटांहून जास्त वेळ सॅच्युरेशन ९० च्या खाली
- एबीजीमध्ये आम्लता वाढणं, कार्बन डायऑक्साइड चढणं
- कफ इतका की रुग्णाला बाहेर काढता येत नाही
- रक्तदाब घसरणं

"मध्ये बायपॅप लावून बघू" हा विचार इथे बहुतेक वेळा येतो. न्यूमोनियाच्या रुग्णात तो लावायचाच असेल तर फक्त पूर्ण देखरेखीत, आणि तासाभरात फरक दिसला नाही तर ट्यूब. एका उशिरावर दुसरा उशीर चढवायचा नाही. हाय फ्लो अपयशी ठरूनही ४८ तासांनंतर ट्यूब टाकलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू जास्त दिसल्याचं निरीक्षण २०१५ सालीच प्रसिद्ध झालं आहे. त्या रुग्णांची आधीची अवस्थाही वेगळी असू शकते. तरीही घसरत चाललेल्या रुग्णासाठी दिवस मोजत बसायला माझं मन धजत नाही.

ट्यूब टाकायची ठरली की:

१. हाय फ्लो काढू नका. तयारी चालू असताना झोत ६०, ऑक्सिजन १०० टक्के. ट्यूब टाकतानाही कॅन्युला नाकात राहू द्या. श्वास थांबलेल्या काळात तिच्यामुळे सॅच्युरेशन सावकाश पडतं.

२. युनिटमधल्या सर्वांत अनुभवी हाताला बोलवा. हा शिकण्याचा रुग्ण नव्हे.

३. रक्तदाबाचं औषध भरून, लाइनला जोडून तयार ठेवा. भूल दिल्यावर या रुग्णांचा रक्तदाब बऱ्याचदा पडतो.

४. ट्यूब श्वासनलिकेत आहे हे कॅप्नोग्राफीवरच मान्य करा.

खाण्यापिण्याचंही लक्षात ठेवा. श्वास ३० च्या वर असलेल्या, मधल्या पट्ट्यातल्या रुग्णाला घरच्यांनी आणलेला वरणभात देऊ नका. कारण नीट सांगितलं तर घरचे ऐकतात.

दुसरीकडे हलवायचं असेल तर: कांदिवलीच्या नर्सिंग होममधून परळला जायला वाहतुकीत दीड तास जाऊ शकतो. बहुतेक रुग्णवाहिकांत हाय फ्लो चालवण्याइतका ऑक्सिजन नसतो, वर सांगितलेला हिशेब लावून बघा. रॉक्स घसरत असलेल्या रुग्णाला मास्कवर टाकून पाठवणं म्हणजे हायवेवर ट्यूब टाकायची वेळ आणणं. एकतर त्याला पहिल्या दोन तासांतच, आकडे बरे असताना हलवा. तो वेळ गेला असेल तर आधी सक्षम हाताकडून ट्यूब टाकून, व्हेंटिलेटरवर पाठवा.

## टप्पा ६: काढताना

सुरुवातीला झोत आधी वाढवला होता, काढताना उलट. आधी ऑक्सिजनचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत खाली आणा, झोत तसाच ठेवून. मग झोत ५-१० लिटरने, दर वेळी तासाभराने, श्वास मोजून. २०-३० लिटरवर आणि ४० टक्क्यांच्या आत आरामात असेल तर साधी नळी लावा. यंत्र लगेच दुसऱ्या बेडला देऊ नका. काढल्यानंतर दोन तासांनी श्वास पुन्हा एक मिनिट मोजा, आणि २५ च्या वर गेले असतील तर परत लावा.